धागा: मज्जेत व्रण, प्लीहा २१ सेंमी, आणि रक्त हाडांबाहेर का तयार होतंय?

रेवा_म

मामांचे (वय ६२) रिपोर्ट समोर ठेवून लिहितेय. सहा महिन्यांत वजन ७४ वरून ६५ किलोवर आलं. रात्री बनियन भिजेल इतका घाम येतो. दोन घास खाल्ले की पोट भरतं. हिमोग्लोबिन ९.२, पांढऱ्या पेशी २६,४००, प्लेटलेट १,६५,०००, एलडीएच ७८०. सोनोग्राफीत प्लीहा २१ सेंमी. कमरेच्या हाडातून मज्जा ओढायला गेले तर काहीच आलं नाही, रिपोर्टात 'ड्राय टॅप' लिहिलंय. मग हाडाचा तुकडा काढला. त्यात 'रेटिक्युलिन फायब्रोसिस, ग्रेड एमएफ-२'. जॅक-२ पॉझिटिव्ह, बीसीआर-एबीएल निगेटिव्ह. निदान प्रायमरी मायलोफायब्रोसिस.

डॉक्टरांनी समजावलं की मज्जेत व्रणासारखे धागे झालेत आणि रक्त आता प्लीहेत, यकृतात तयार व्हायला लागलंय. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले की प्लीहा लहान करायची गोळी सुरू करू. घरी सगळ्यांचा एकच प्रश्न: मज्जा बंद पडली म्हणून प्लीहा रक्त बनवतेय, तर तिलाच आवळलं की उरलंसुरलं रक्तही जाणार ना? मामी तर गोळी सुरूच करू नका म्हणतायत. ओपीडीच्या गर्दीत हे विचारायचं राहून गेलं. सोमवारी परत जायचंय.

चिवट_पोहे

ताई, घाबरू नका. माझीही प्लीहा सोनोग्राफीत १३ आली होती. फॅटी लिव्हर निघालं. दारू बंद, तूप बंद, वर्षभरात ठीक. फायब्रोस्कॅन करून घ्या, फायब्रोसिस किती आहे ते लगेच कळतं. मलेरियाची तपासणीसुद्धा करा, आपल्याकडे पाणथरी वाढायचं पहिलं कारण तेच.

सूक्ष्मदर्शी

पोहे, फायब्रोस्कॅन यकृताचा ताठरपणा मोजतो. इथे फायब्रोसिस हाडाच्या आत आहे, त्या यंत्राला ते दिसणार नाही. मलेरिया, काळा आजार, यकृतामुळे वाढलेला पोर्टल दाब ही प्लीहावाढीची कारणं आपल्याकडे आधी बघावीत हे बरोबर. पण त्यातलं एकही जॅक-२ पॉझिटिव्ह करत नाही. रेवाताईंच्या प्रश्नाचं उत्तर रात्री सविस्तर लिहितो.

सदाफुली

रेवा, माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, त्यामुळे हा विषय घरचाच झालाय. गर्भात असताना रक्त यकृतात आणि थोडं प्लीहेत बनतं, जन्माच्या सुमारास ते काम मज्जेकडे जातं. मज्जा कमी पडली की शरीर जुनी जागा पुन्हा उघडतं. म्हणजे प्लीहा मदतीला धावलेली असते. आमच्याकडे रक्त वेळेवर चढवून हिमोग्लोबिन वर ठेवलं की प्लीहा आपोआप आटोक्यात राहते. त्यामुळे तुमच्या मामींची शंका मला तरी रास्त वाटते. आधी रक्त चढवून बघा म्हणावं, प्लीहेला हात नंतर लावा.

सूक्ष्मदर्शी

सदाफुली, थॅलेसेमियाबद्दल तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. गर्भातला क्रमही बरोबर. फक्त तोच हिशोब मायलोफायब्रोसिसला लावता येत नाही, आणि रेवाताईंच्या घरातला गोंधळ नेमका तिथेच आहे.

थॅलेसेमियात लाल पेशी नीट पिकत नाहीत, म्हणून ऑक्सिजन कमी पडतो आणि मूत्रपिंड लाल पेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन भरमसाट सोडतं. त्या रेट्याने मज्जा फुगते, जागा पुरेनाशी झाली की रक्तनिर्मिती बाहेर सांडते. रक्त चढवलं की एरिथ्रोपोएटिन उतरतं आणि रेटा थांबतो. मागणी होती म्हणून पुरवठा वाढला, असा तो सरळ व्यवहार आहे.

मामांच्या आजारात सुरुवात मागणीतून झालेली नाही. मज्जेतल्या एका मूळ पेशीत जॅक-२ जनुकाचा बदल झाला. जॅक-२ हे पेशीच्या आतलं बटण आहे, एरिथ्रोपोएटिन किंवा थ्रोम्बोपोएटिन बाहेरून आलं की ते दाबलं जातं. बदल झालेल्या पेशीत ते दाबलेलंच राहतं. तिची पिल्लावळ वाढत जाते आणि त्यात प्लेटलेट बनवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी सगळ्यात जास्त बिघडतात. ट्रिफाइन बायोप्सीच्या, म्हणजे हाडाच्या त्या तुकड्याच्या, काचेवर त्या एकमेकींना चिकटून घोळक्याने बसलेल्या दिसतात, लहान-मोठ्या, केंद्रक ढगासारखं फुगीर आणि गडद. त्यांच्यातून टीजीएफ-बीटासारखी रसायनं सारखी गळत राहतात, आणि ती शेजारच्या फायब्रोब्लास्टना धागे विणायचा हुकूम देतात. आधी बारीक रेटिक्युलिन, चांदीच्या रंगद्रव्याने काळं दिसणारं, मग जाड कोलॅजन, आणि काहींच्यात हाडच घट्ट होत जातं. एमएफ-२ म्हणजे रेटिक्युलिनचं दाट, एकमेकांना छेदणारं जाळं, कुठे कुठे कोलॅजनचे पुंजके. मामांची सुई कोरडी आली ती याच जाळ्यामुळे. सुई टोचणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं.

आता बाहेर जाण्याचा भाग. रक्ताच्या मूळ पेशी मज्जेत आपसूक बसून राहत नाहीत, त्यांना धरून ठेवावं लागतं. मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रथिन सोडतात, मूळ पेशीवरचा ग्राहक त्याला पकडून असतो. या आजारात ती पकड दोन्हीकडून सुटते. भरमसाट न्यूट्रोफिलांमधून बाहेर पडणारी एन्झाइमं ते प्रथिन आणि बाकीचे चिकटवणारे रेणू कातरतात, आणि मूळ पेशीवरचा ग्राहकही कमी झालेला असतो. त्यात रक्तवाहिन्यांचा विस्तार आणि धाग्यांची गर्दी. परिणामी मूळ पेशी आणि अर्धवट पिकलेल्या पेशी झुंडीने रक्तात उतरतात. निरोगी माणसाच्या रक्तात सीडी-३४ ही खूण असलेल्या अशा पेशी अगदी तुरळक सापडतात, इथे त्या कितीतरी पटींनी सापडतात. प्लीहा रक्त गाळणारा अवयव, त्यात संथ वाहणाऱ्या अरुंद जागा. तिथे त्या अडकतात, रुजतात आणि वाढायला लागतात. यकृतात तेच होतं.

म्हणजे प्लीहेत जे चाललंय ते मज्जेतल्याच रोगट पिल्लावळीची वसाहत आहे. काढलेल्या प्लीहांमधल्या रक्तपेशी तपासल्या की त्यांच्यात तेच जॅक-२ सापडतं. मदतीला धावलेल्या निरोगी पेशी असत्या तर ते सापडलं नसतं.

रेवा_म

हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. पण मग एक अडतंय. वसाहत रोगट का असेना, रक्त तर बनतंय ना? दोन-दोन ठिकाणी बनत असून हिमोग्लोबिन ९.२ कसं?

प्लेटलेट_मोजणारा

रक्ततपासणीच्या खोलीतून लिहितोय, माझा प्रांत फक्त काचपट्टी आणि काउंटर.

प्लीहेत जे बनतं त्यातलं बरंचसं धड पिकतच नाही. लाल पेशी बनताना आतच मरतात, त्याचा एक पुरावा म्हणजे तुमच्या मामांचं एलडीएच, पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम. दुसरं, मोठी प्लीहा स्वतःच एक गोदाम असते. तयार लाल पेशी आणि प्लेटलेट तिच्यात साठून राहतात, रेंगाळतात, आणि रेंगाळलेल्या लवकर नष्ट होतात. तिसरं लोकांना माहीतच नसतं: प्लीहा फार वाढली की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. लाल पेशी तेवढ्याच असल्या तरी हिमोग्लोबिन पातळ दिसतं. म्हणजे ९.२ मधली काही घट निव्वळ पाणी मिसळल्याची. किती, ते साध्या सीबीसीवरून सांगता येत नाही.

आता तुमच्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे या. स्मिअरच्या रिपोर्टमध्ये 'न्यूक्लिएटेड आरबीसी' अशी ओळ असेल, त्यापुढे आकडा काय आहे? आणि काउंटरच्या छापील कागदावर वेगळा 'NRBC' रकाना आहे का?

रेवा_म

स्मिअरमध्ये लिहिलंय: टिअरड्रॉप पेशी भरपूर, मायलोसाइट ४ टक्के, ब्लास्ट १ टक्का, १०० पांढऱ्या पेशींमागे न्यूक्लिएटेड आरबीसी १०. काउंटरच्या कागदावर NRBC असं काहीच नाही. गावातल्या छोट्या लॅबचा कागद आहे. फाइलच्या पहिल्या पानावर पेनाने 'डीआयपीएसएस ५, हाय' लिहिलंय, तेही विचारायचंच होतं.

प्लेटलेट_मोजणारा

वाटलंच होतं. लाल पेशी मज्जेतून बाहेर पडण्याआधी केंद्रक टाकून देते. मज्जेचं दार मोडलं आणि प्लीहेत तर दारच नाही, त्यामुळे केंद्रकासकट लाल पेशी रक्तात येतात. साधा जुना काउंटर केंद्रक दिसलं की तिला पांढरी पेशी समजून मोजतो. हाताने दुरुस्ती करावी लागते:

```
26400 × 100 ÷ (100 + 10) = 24000
```

खऱ्या पांढऱ्या पेशी २४,०००. मोठ्या लॅबमधले नवे काउंटर या पेशी वेगळ्या मोजतात आणि आकडा आधीच दुरुस्त करून छापतात. त्यावर पुन्हा हे गणित केलं तर उलटी चूक होते, म्हणून आधी रकाना विचारला.

टिअरड्रॉपबद्दल एक सांगतो. शेपट्या सगळ्या एकाच दिशेला असतील तर पट्टी ओढताना झालेला दोष समजायचा. वेगवेगळ्या दिशांना असतील तर पेशी खरोखरच अरुंद जागेतून पिळून निघालेल्या आहेत. डोळ्यावर विश्वास ठेवण्याआधी शेपट्यांची दिशा बघायची, शिकाऊ पोरांना मी हेच पहिलं दाखवतो.

सूक्ष्मदर्शी

हा हिशोब इथे नुसता नीटनेटकेपणाचा नाही. डीआयपीएसएस म्हणजे या आजाराचा धोका मोजायचा गुणतक्ता, त्यात पाच गोष्टी बघतात. वय ६५ च्या वर, मामांना शून्य. हिमोग्लोबिन १० च्या खाली, दोन गुण. पांढऱ्या पेशी २५,००० च्या वर, एक गुण. रक्तातले ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, १ टक्का किंवा जास्त, एक गुण. घाम, ताप, वजन घटणं यातलं काही, एक गुण. न दुरुस्त केलेल्या २६,४०० वर पाच होतात आणि माणूस 'हाय' गटात जातो. २४,००० धरले तर चार, म्हणजे 'इंटरमिजिएट-२'.

उपचाराची दिशा याने फारशी बदलत नाही. दोन्ही गटांत दात्याच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाचा विचार करायचाच असतो आणि लक्षणं आहेत म्हणून गोळीही द्यायची असते. पण सोमवारी हा कागद घेऊन जा. ब्लास्टचा १ टक्काही पुन्हा मोजून घ्या. शंभर पेशींत एक म्हणजे एखाद्या पेशीवरून गुण इकडचा तिकडे, दोनशे पेशी मोजलेल्या बऱ्या.

खडूस

एवढं पुराण कशाला? प्लीहा रोगट, रक्त अडवते, पोट दाबते. काढून टाका. पूर्वी सर्रास काढायचे.

टाका_गाठ

सर्रास कधीच काढत नव्हते. पूर्वी तर सदाफुलीताईंच्याच विचाराने शल्यविशारद घाबरायचे, की प्लीहा काढली तर रक्ताचा शेवटचा झरा आटेल. तरीही ज्यांची नाइलाजाने काढली त्यांच्यात बघायला काय मिळालं? रक्ताची गरज असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांची ती गरज कमी झाली किंवा संपली. झरा असता तर असं झालंच नसतं. रेवाताई, मामींना सांगायला हा सगळ्यात सोपा पुरावा.

मात्र शस्त्रक्रिया म्हणून ही ओंगळ आहे. अनुभवी केंद्रांतही शस्त्रक्रियेच्या आसपास दगावणाऱ्यांचं प्रमाण ५ ते १० टक्के राहिलंय, आणि रक्तस्राव, गुठळी, जंतुसंसर्ग धरले तर गुंतागुंत चारातल्या एकाला तरी होतेच. प्लीहेची शीर अंगठ्याएवढी झालेली असते, आजूबाजूला चिकटलेलं असतं. काढल्यावर प्लेटलेट एकदम उसळतात, गोदामच गेलेलं असतं ना, आणि पोर्टल शिरेत गुठळी व्हायची भीती. रक्तात फिरणाऱ्या त्या पेशी संपलेल्या नसतात, त्या पुढे यकृतात जाऊन बसतात. काहींचं यकृत मग इतक्या वेगाने वाढतं की प्लीहा परवडली म्हणावं. म्हणून गोळ्यांनी न हटणारी, दुखणारी, जेवू न देणारी प्लीहा असेल तरच, आणि दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलसच्या लसी देऊन.

डाव्या बरगडीखाली अचानक कळ, खांद्यापर्यंत जाणारी, सोबत थोडा ताप, म्हणजे बहुतेक वेळा प्लीहेचा एखादा तुकडा रक्ताअभावी मेलेला असतो. त्याला वेदनाशामक आणि पाणी, चाकू नाही.

सदाफुली

निम्म्यांची गरज कमी झाली हे माझ्यासाठी नवीन. मग मी वरचं 'प्लीहेला हात नंतर लावा' मागे घेते. पण रक्त चढवून प्लीहा लहान होणार नाही का, थोडी तरी?

सूक्ष्मदर्शी

या आजारात नाही. हिमोग्लोबिन ६-७ वर आलं, दम लागू लागला तर रक्त चढवावंच लागतं, पण ते त्या दिवसापुरतं. मूळ पेशींचं बटण एरिथ्रोपोएटिन उतरलं म्हणून सुटत नाही.

गोळी_मात्रा

रुग्णालयाच्या औषधालयात आहे, रक्तविकाराचे रुग्ण रोज येतात. गोळी म्हणजे रुक्सोलिटिनिब असणार. अमेरिकेत २०११ च्या नोव्हेंबरमध्ये मान्यता मिळाली, या आजारासाठीचं ते पहिलं जॅक-रोधक.

मात्रा हिमोग्लोबिनवर नाही, प्लेटलेटवर ठरते. दोन लाखांच्या वर असतील तर २० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, एक ते दोन लाखांत १५, पन्नास हजार ते एक लाखात ५. मामांच्या १,६५,००० ला १५ मिग्रॅ दोनदा बसतं. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन बघूनच शेवटचा आकडा ठरतो. पहिले काही महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी. मात्रा वाढवायची तर निदान चार आठवडे तरी थांबायचं.

आता मामींच्या भीतीबद्दल. गोळी सुरू केल्यावर हिमोग्लोबिन खरंच उतरतं, साधारण आठ ते बारा आठवड्यांत तळ गाठतं. तेव्हा घरचे म्हणतात, बघा, प्लीहा आवळली आणि रक्त गेलं. पण नंतर काय होतं ते बघा. चोवीस आठवड्यांच्या आसपास हिमोग्लोबिन बरंचसं परत वर येऊन स्थिरावतं, आणि प्लीहा तेव्हाही लहानच असते. कारखाना बंद झाल्यामुळे रक्त गेलं असतं तर प्लीहा लहान असेपर्यंत ते परत आलंच नसतं. उतरण्याचं कारण वेगळं: एरिथ्रोपोएटिनचा निरोपही जॅक-२ मधूनच जातो, गोळी तोही थोडा अडवते.

परिणाम किती, तेही स्पष्ट सांगतो. मुख्य चाचणीत चोवीस आठवड्यांनी प्लीहेचं आकारमान ३५ टक्क्यांनी किंवा जास्त घटलेले रुग्ण सुमारे ४२ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांची तेवढी घटली नाही. घाम, खाज, भूक हे मात्र बऱ्याच जणांत लवकर सुधारतं, कधी कधी पहिल्या काही आठवड्यांतच.

सोमवारी या तीन गोष्टी न विसरता विचारा.

टीबी. छातीचा एक्स-रे आणि मॅंटू किंवा इग्रा झालंय का? ही गोळी दबलेला टीबी जागा करू शकते, आपल्याकडे ती भीती पुस्तकी नाही. आणि टीबीचे उपचार सुरू झालेच तर रिफॅम्पिसिन या गोळीची रक्तातली पातळी बरीच खाली आणतं, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. उलट क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल चालू झालं तर पातळी चढते. हिपॅटायटिस बी-चीही तपासणी सुरुवातीलाच.

नागीण. अंगावर एका बाजूला जळजळ आणि फोड दिसले तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: गोळी संपली, प्रवासात विसरली, परवडेना म्हणून एकदम बंद करायची नाही. दाबून ठेवलेली सायटोकाइनं, म्हणजे दाह वाढवणारी रसायनं, उसळतात. काही दिवसांत प्लीहा परत वाढते, ताप, घाम, कधी दम लागून अतिदक्षता विभाग. बंद करायचीच तर डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवायची. घरात निदान दहा दिवसांचा साठा हवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

रेवा_म

एक्स-रे झालाय, मॅंटू नाही झालेली. लिहून घेतलं. मामींना चोवीस आठवड्यांचं वाचून दाखवलं, त्या आता "बघू" इथपर्यंत आल्यात.

डोंगरवाट

सूक्ष्मदर्शींचं बहुतेक पटलं, पण दोन ठिकाणी ते जरा जास्त ठामपणे लिहितायत.

एक, धाग्यांची गर्दी झाली म्हणून पेशी बाहेर पडल्या, असा कार्यकारण जोडला की सोपं वाटतं. पण धागे नसलेल्या पॉलिसायथेमियात, म्हणजे लाल पेशी जास्त बनण्याच्या आजारातही प्लीहा वाढते. रुक्सोलिटिनिब घेणाऱ्यांची प्लीहा महिन्यांत लहान होते आणि बायोप्सीत धागे बहुतेकदा तसेच असतात, जॅक-२ चं प्रमाणही फारसं हलत नाही. म्हणजे धागे आणि प्लीहा एका दोरीला बांधलेले नाहीत. मला तरी दोन्ही एकाच बिघाडाची दोन टोकं वाटतात.

दोन, धागे विणणारे फायब्रोब्लास्ट निव्वळ हुकमाचे ताबेदार आणि निरोगी, हे जुनं मत. रोगट मोनोसाइटांपासून बनलेल्या फायब्रोसाइट पेशीही धागे विणतात असं दाखवणारं काम आहे. किती वाटा कुणाचा, यावर अजून वाद आहे.

सूक्ष्मदर्शी

दुसरा मुद्दा मान्य, मी सोपं केलं. पहिल्याबद्दल अर्धं मान्य. धागे हे एकमेव कारण नाही हे खरं. पण रक्तातल्या सीडी-३४ पेशी धागे पिकलेल्या आजारात प्री-फायब्रोटिक अवस्थेपेक्षा स्पष्टपणे जास्त असतात, त्यामुळे बिघडलेल्या मज्जेचा काहीच हात नाही असंही मी म्हणणार नाही. यशस्वी प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांत धागे विरघळतात आणि प्लीहाही बसते, त्यावरून एवढंच नक्की म्हणता येतं की दोन्हीच्या मुळाशी ती पिल्लावळ आहे.

डोंगरवाट

त्यावर आपलं जमतं. प्लीहेत बसलेल्या मूळ पेशी तिथेच पिढ्यान्‌पिढ्या नांदतात की मज्जेतून सतत भरती होत राहते, हा प्रश्न मात्र उरतोच. प्रत्यारोपणाआधी प्लीहा काढावी, गोळीने लहान करावी की किरणं द्यावीत, यावर केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत तेही त्याच कारणाने.

निवांत_दुपार

मला बारा वर्षांपासून ईटी आहे, म्हणजे मज्जा प्लेटलेट जास्त बनवते तो आजार, हायड्रॉक्सियुरिया आणि अ‍ॅस्पिरिन. प्लेटलेट नऊ लाखांच्या होत्या, आता तीन लाख, म्हणजे औषध उत्तम लागू पडलं. तरी हे वाचून धास्ती वाटली. माझीही मज्जा अशीच होणार का?

सूक्ष्मदर्शी

बहुतेकांची होत नाही, काहींची वर्षानुवर्षांनी होते. तुमच्याकडे औषध लागू पडलं असेलच, पण मात्रा न बदलता प्लेटलेट आपोआप उतरत गेल्या, हिमोग्लोबिन घटतंय, एलडीएच चढतंय, प्लीहा नव्याने हाताला लागतेय, असं एकत्र दिसू लागलं तर ते 'औषध छान लागू पडतंय' म्हणून सोडून द्यायचं नसतं. काचपट्टीवर टिअरड्रॉप शोधायला सांगा आणि गरज वाटली तर बायोप्सी. शेवटच्या दोन वर्षांत मात्रा तीच असताना आकडे कसे गेलेत?

निवांत_दुपार

तीन वर्षांत मात्रा दोनदा वाढवली, त्यानंतर उतरल्या. एलडीएच कधी केलंच नाही.

सूक्ष्मदर्शी

मग उतरण्याला कारण आहे. पुढच्या तपासणीत एलडीएच आणि स्मिअर घालून घ्या.

खडूस

प्लीहा आणि यकृत झालं. आणखी कुठे बसतात या पेशी?

प्लेटलेट_मोजणारा

लसिका ग्रंथी, फुप्फुसाचं आवरण, पोटातलं आवरण, अगदी क्वचित त्वचा. पोटात किंवा छातीत पाणी झालं आणि ते आमच्याकडे आलं की त्यात मेगाकॅरिओसाइट दिसतात. नवख्या डोळ्याला ती कर्करोगाची पेशी वाटते, म्हणून पाण्याच्या बाटलीसोबत मूळ निदान लिहून पाठवा. नुसतं 'प्ल्युरल फ्लुइड' लिहिलेलं आलं तर रिपोर्ट भलतीकडे जाऊ शकतो.

टाका_गाठ

आणि मणक्याशेजारी. तिथला गोळा मज्जारज्जूवर दाब देतो. मामांना पाठदुखीसोबत पाय जड पडणं, लघवी अडणं, कमरेखाली बधिरपणा यातलं काही झालं तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी एमआरआय. अशा गोळ्याला कमी मात्रेची किरणं लवकर लागू पडतात. पण तीच किरणं प्लीहेला दिली तर रक्तपेशी आठवडेच्या आठवडे खाली राहू शकतात, तिथे हात जपून.

रेवा_म

पाय ठीक आहेत, विचारून घेतलं. यादी अशी झाली: दुरुस्त केलेला २४,०००, ब्लास्ट पुन्हा मोजणे, मॅंटू, हिपॅटायटिस बी, क्रिएटिनिन, गोळीचा साठा. प्रत्यारोपणाबद्दल मामांचे दोन भाऊ आहेत, एक ५८ चा आणि एक ६७ चा. दोघांची जुळणीची एचएलए तपासणी आत्ताच करावी की गोळीचा परिणाम बघून?

डोंगरवाट

आत्ताच. तपासणी रक्ताच्या किंवा गालाच्या नमुन्यावर होते, त्याने कुणी बांधला जात नाही, आणि जुळणारा भाऊ नाही हे आज कळलं तर बाहेरचा दाता किंवा अर्धा जुळणारा मुलगा-मुलगी शोधायला वेळ मिळतो. ६७ च्या भावाचंही करा, पण दाता म्हणून त्याची स्वतःची तब्येत आणि रक्ततपासणी आधी. प्लीहा गोळीने जेव्हा सगळ्यात लहान असेल त्या सुमारास प्रत्यारोपण करावं असं बरीच केंद्रं बघतात, त्यामुळे दाता ठरलेला हवा.

सूक्ष्मदर्शी

माझ्याकडून एक भर. बायोप्सीचा मेणाचा ठोकळा आणि काचा लॅबकडून मागून ठेवा. प्रत्यारोपण केंद्र त्या पुन्हा बघणारच. तुकडा किती लांबीचा होता तेही रिपोर्टमध्ये बघा. दीड सेंटिमीटरपेक्षा फारच तोकडा असेल तर एमएफ-२ ची ग्रेड ते दुसऱ्यांदा तपासायला सांगतील.

रेवा_म

१.१ सेंमी लिहिलंय.

सूक्ष्मदर्शी

हाडाच्या पोकळ्या त्यात किती नीट आल्यात यावर आहे. निदानाला पुरेसा असू शकतो, ग्रेडला थोडा कमी. काचा दाखवून घ्या, दुसरी बायोप्सी लागेलच असं नाही.